नाणी व मुद्रांवरून राज्यकालनिर्णय (विदर्भ)

राजाच्या कारकिर्दीची वर्षे सांगणारे ग्रंथ गप्प असतात किंवा एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा नाणी आणि मुद्रा यांच्या आधारे ती वर्षे ठरविण्याची पद्धत. विदर्भात तिचा सर्वांत मोठा उपयोग उत्तरकालीन सातवाहनांसाठी झाला. त्याचे मुख्य साधन म्हणजे तऱ्हाळा (ता. मंगरूळपीर, तेव्हा अकोला, आता वाशीम जिल्हा) येथे १९३९ मध्ये सापडलेला पोटीन नाण्यांचा निधी.

सातवाहनांची वंशावळ पुराणांत आंध्रभृत्य या नावाने येते. पण तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. राजांची संख्या कुठे १९, कुठे ३०. एकूण राज्यकाल मत्स्यपुराणात ४६० वर्षे, विष्णुपुराणात ४५६, वायुपुराणात त्याहून कमी. उत्तरकालीन सातवाहन राजा यज्ञश्री याची कारकीर्द काही पोथ्यांत २९ वर्षांची, तर काहींत बरीच तोकडी. पोथी नकलणाऱ्याच्या हातून एखादा शब्द गळाला की दहा वर्षे गळतात, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

तऱ्हाळ्याच्या निधीत हजारावर नाणी होती. वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती अभ्यासून १९४० मध्ये प्रसिद्ध केली. पोटीन म्हणजे तांबे, शिसे व कथील यांचा मिश्रधातू. या नाण्यांच्या एका बाजूस सोंड उचललेला हत्ती व त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असतो; दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांनी जोडलेली चार वर्तुळे. नाण्यावर वर्ष नसते. शिवाय साचा मोठा व चकती लहान असल्याने लेख सहसा पुरता उमटत नाही. ‘सातकणिस’ (सातकर्णीचे) एवढे वाचता येते, पण राजा ओळखायचा तो त्याच्या आधीच्या दोन-तीन अक्षरांवरून, आणि नेमकी तीच काठाबाहेर गेलेली असतात. म्हणून एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवून एकावरची उणी अक्षरे दुसऱ्यावरून भरून घेतात. सुट्या नाण्यापेक्षा निधीला किंमत अधिक ती याच कारणाने.

वाचनातली चूक कशी राजा घडविते, याचे उदाहरण विदर्भातलेच आहे. चांदा जिल्ह्यात पूर्वी मिळालेल्या अशाच नाण्यांवरील एका नावावरून नाणेतज्ज्ञ रॅप्सन यांनी १९०८ मध्ये ‘कृष्ण सातकर्णी’ असा एक उत्तरकालीन राजा मानला होता. तऱ्हाळ्याची अधिक स्पष्ट नाणी हाती आल्यावर मिराशींनी ते नाव ‘कण’, म्हणजे कर्ण, असे वाचले. ‘ण्ह’ आणि ‘ण’ यांत फरक फक्त खाली जोडलेल्या ‘ह’चा. झिजलेल्या पोटीनवर तो दिसला की भासला, एवढ्यावर वंशावळीतले एक नाव बदलते. मिराशींचे वाचन आता बहुतेकांना मान्य आहे.

नावे निश्चित झाली तरी ती नाणी वर्षे सांगत नाहीत. वर्षांसाठी साखळीचे एक टोक कुठेतरी पक्के बांधावे लागते आणि ते टोक विदर्भाबाहेर आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले होते. वरचा ठसा नंतरचा, त्यामुळे कोणी कोणास जिंकले हा वाद तेथे मिटला. नहपानाच्या काळचा शेवटचा ज्ञात लेख जुन्नरचा, वर्ष ४६. हे शकवर्ष धरल्यास इ.स. १२४ येते. गौतमीपुत्राने नहपानाच्या जावयाकडील जमीन आपल्या १८ व्या वर्षी नाशिकच्या भिक्षूंना दिली; तेव्हा त्याचे १८ वे वर्ष १२४–२५ च्या सुमारास आणि राज्यारोहण १०६ च्या आसपास पडते. नहपानाची वर्षे शकाची नसून त्याच्या स्वतःच्या राज्याची होती असे मानणारेही आहेत. त्यांच्या मताने सगळी साखळी मागे सरकते. येथे शकपक्ष धरला आहे, कारण पुढील क्षत्रपांच्या तारखा त्याच्याशी अधिक सहज जुळतात.

येथून पुढे शिलालेखांतील वर्षे आणि पुराणांतील आकडे एकमेकांवर ताडून पाहता येतात. गौतमीपुत्राला पुराणे २१ वर्षे देतात, पण त्याचा नाशिकचा लेख २४ व्या वर्षाचा आहे; तेव्हा पुराणांचा आकडा सोडावा लागतो. यज्ञश्रीचा चिन्नगंजाम येथील लेख २७ व्या वर्षाचा असल्याने २९ हा पाठ टिकतो व तोकडे पाठ बाद होतात. विजय सातकर्णीला पुराणे ६ वर्षे देतात. नागार्जुनकोंड्याचा त्याचा लेखही ६ व्या वर्षाचाच आहे. गौतमीपुत्रानंतर पुळुमावी २८, शिवश्री ७, शिवस्कंद ७ आणि यज्ञश्री २९ अशी वर्षे मोजत गेल्यास यज्ञश्रीचा शेवट २०२ च्या सुमारास येतो. यांतली शिवश्री व शिवस्कंद यांची वर्षे कच्ची आहेत. पाच-सात वर्षांचा फरक सहज पडू शकतो.

तऱ्हाळ्याच्या निधीत गौतमीपुत्र व यज्ञश्री यांची नाणी विपुल असून विजयाचीही थोडी आहेत. निधी पुरल्याचा काळ त्यातील सर्वांत उशिराच्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही, म्हणून तो इ.स. २०३ नंतरचा. मात्र नाण्यांच्या संख्येवरून कारकिर्दीची लांबी काढू नये; टांकसाळीने किती नाणी पाडली आणि पुरणाऱ्याच्या हाती काय आले, यांवर संख्या अवलंबून असते.

खरा पेच कुंभ, कर्ण आणि शक या तीन सातकर्णींचा आहे. यांची नाणी निधीत मोजकी असून पुराणांत त्यांची नावेच नाहीत. शक सातकर्णीस काहींनी कान्हेरीच्या लेखातील माढरीपुत्र शकसेनाशी जोडले आहे. त्या लेखाचे वर्ष ८. मात्र जोडणी मुख्यतः नावाच्या साम्यावर उभी आहे. पुराणांनी मुख्य शाखा नोंदविली आणि यज्ञश्री-विजयानंतर विदर्भात वेगळी शाखा राज्य करू लागली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तसे मानल्यास हे तिघे इ.स. २०८ च्या सुमारापासून वाकाटकांच्या उदयापर्यंतच्या (सु. २५०) चाळीसेक वर्षांत बसतात. त्यांचा आपसांतला क्रम मात्र नाण्यांवरून लागत नाही. एकाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा मारलेले उदाहरण मिळाले, तरच तो लागेल.

निधींची माहिती मुळात तुटक मिळते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. तरी नांगराच्या फाळाला मडके लागले की काही नाणी वाटली जातात, काही आटवली जातात. निधीतील एकच वाटा अभ्यासकापुढे आला, तर ‘अमुक राजाचे नाणे नाही’ या निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

मुद्रांची मदत विदर्भात यापेक्षा मर्यादित आहे. नगरधन (ता. रामटेक) येथील उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रांकित गोळी मिळाली, तिच्यावर ब्राह्मीत तिचे नाव व शंख आहे. त्यावरून राणीचा कारभार तेथून चाले याला पुष्टी मिळते, पण वर्ष मिळत नाही. वाकाटकांच्या ताम्रपटांवरही राज्यवर्षेच असतात. प्रवरसेन दुसऱ्याच्या १९ व्या वर्षाचा रिद्धपूर ताम्रपट हे एक उदाहरण. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेपुरता आधार वाशीम जिल्ह्यातील हिस्से-बोराळा येथील देवसेनकालीन शिलालेखाचा असून त्यात शक ३८० (इ.स. ४५८) स्पष्ट दिले आहे.