सिका क्रीम आणि कारिवणा

सिका क्रीम म्हणजे साधारणपणे सेंटेला एशियाटिका या वनस्पतीचा अर्क किंवा तिच्यातले घटक घातलेले, त्वचा शांत करणारे क्रीम. ही वनस्पती मराठीत कारिवणा आणि संस्कृतात मंडूकपर्णी. कोथिंबिरीच्याच कुळातली. पुण्यातल्या रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली तर कधी हीच मिळते, कधी जाडसर, बारीक पानांची नीरब्राह्मी म्हणजे बकोपा. कारिवण्याचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेने दंतुर असते आणि वेल जमिनीलगत पसरतो. क्रीममध्ये लागते ती हीच.

तिच्यातली महत्त्वाची द्रव्ये चार: एशियाटिकोसाइड, मॅडेकॅसोसाइड, एशियाटिक आम्ल आणि मॅडेकॅसिक आम्ल. ती कोलॅजेन बनण्यास मदत करतात, लाली व जळजळ कमी करतात, त्वचेचे संरक्षक आवरण सावरतात, असा दावा केला जातो. जखम भरण्याबाबत बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे. चेहऱ्याच्या क्रीमचे श्रेय मात्र एकट्या वनस्पतीला देणे कठीण, कारण त्यात ग्लिसरीन आणि पॅन्थेनॉलही असतात, आणि आराम त्यांनीही पडतो. हिवाळ्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधून फिरणाऱ्या पुणेकराच्या गालावरची जळजळ अशा साध्या मलमानेही उतरू शकते.

निवड करताना डब्याची मागची बाजू आधी वाचावी. नावात ‘सिका’ असूनही काही क्रीममध्ये सेंटेला नसतेच, तांबे-जस्ताचे क्षार असतात. समजा दोन ट्यूब समोर आहेत. पहिलीवर ‘७० टक्के सेंटेला’ लिहिले आहे, ३० मिली, ६०० रुपये, आणि यादीच्या शेवटी परफ्यूम. दुसरीवर आकडा नाही, यादीत पाणी, ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, मग मॅडेकॅसोसाइड, सुगंध नाही, ५० ग्रॅम, ४५० रुपये. सत्तर टक्के ऐकून भुलू नये. तो बहुधा पाण्यात काढलेला अर्क असतो, काढ्यासारखा, आणि त्यात पाला किती उतरला हे आकडा सांगत नाही. दुसरीत नेमके द्रव्य नावानिशी आहे. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, पण एक टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक सहसा एक टक्क्यापर्यंतच घालतात, म्हणून ते खुणेसारखे वापरता येते: त्याच्यानंतर आलेले घटक बहुतेक एक टक्क्याच्या आतच असतात. मॅडेकॅसोसाइड त्यानंतर असले म्हणून ते क्रीम वाईट ठरत नाही, कारण ते अगदी थोड्या प्रमाणातच वापरतात. दर पाहिला तर पहिली मिलीला २० रुपये, दुसरी ग्रॅमला ९. त्वचा चिडलेली असताना मी दुसरीच घ्यायला सांगेन, कारण सुगंधद्रव्ये हे ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे.

क्वचित सेंटेलाचीही ॲलर्जी होते. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. खाज, पुरळ किंवा वाढती लाली दिसली तर ते धुऊन टाकावे आणि पुन्हा लावू नये. ओल्या, पिकलेल्या जखमेवर हे क्रीम लावू नये. ती डॉक्टरांना दाखवावी.