लेन्स, नळाचं पाणी आणि दुहेरी कवचातला अमीबा

डिसेंबरात तारकर्लीला आलेली एक मुलगी समजा. दिवसभर समुद्रात डुंबून झालं, रात्री होमस्टेच्या खोलीत लेन्स काढायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की सोल्युशनची बाटली घरीच राहिली. बेसिनच्या नळाला स्वच्छ पाणी आहे. तिने डबीत तेच भरलं, लेन्स त्यात ठेवल्या आणि सकाळी पुन्हा डोळ्यांत घातल्या.

त्या नळाचं पाणी विहिरीतून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढलेलं असतं. टाकीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागतो. तो जिवाणूंचा थर, आणि त्यांच्यावर चरणारा एक एकपेशीय जीव म्हणजे अकँथअमीबा. तो माती, विहीर, समुद्र, नळ असा सगळीकडे सापडतो. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर सहसा काही बिघडत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, शिरला तर मात्र दृष्टी जाऊ शकते.

पाणी त्याची वाटही सोपी करतं. अश्रू खारट असतात आणि मऊ लेन्स त्या खारटपणाला जुळवून बनवलेली असते. गोड्या पाण्यात ती फुगते, तिचा आकार बदलतो आणि ती कॉर्नियाला घट्ट चिकटू शकते. ओढून काढताना वरच्या थरावर बारीक ओरखडे उठतात, आणि अमीबाला आत शिरायला तेवढं पुरतं.

आता समजा, घरी परतल्यावर तिने लेन्स नेहमीच्या मल्टिपर्पज सोल्युशनमध्ये ठेवल्या. या एकाच बाटलीने धुणं, निर्जंतुक करणं आणि साठवणं होतं. ते थेट डोळ्यात जाणार असल्याने त्यातलं जंतुनाशक फार सौम्य ठेवावं लागतं. पीएचएमबी नावाचं द्रव्य अशा काही सोल्युशनमध्ये जेमतेम 0.0001 टक्के असतं. हेच द्रव्य अकँथअमीबाच्या उपचारात थेंब म्हणून देतात तेव्हा ते 0.02 टक्के, म्हणजे दोनशे पट तीव्र असतं. सोल्युशन जिवाणूंना आवरतं, पण संकट आलं की अमीबा स्वतःभोवती दुहेरी भिंत उभारतो. सोडणाच्या आतली करवंटी आणि तिच्या आतलं खोबरं, तसा तो आत सुरक्षित बसतो. या अवस्थेला सिस्ट म्हणतात, आणि बहुतेक मल्टिपर्पज सोल्युशनांचा तिच्यापुढे फारसा निभाव लागत नाही. म्हणूनच तळहातावर लेन्स चोळून धुणं फार महत्त्वाचं आहे, बाटलीवर ‘नो रब’ लिहिलेलं असलं तरी. चोळल्याने जंतू मरत नाहीत, पण बरेचसे निघून जातात.

हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत याहून कडक आहे. 3 टक्के पेरॉक्साइड सिस्टलाही मारू शकतं, मात्र त्यासाठी त्याला कित्येक तास पूर्ण तीव्रतेने काम करू द्यावं लागतं. हल्लीच्या एकटप्पी पद्धतीत डबीच्या तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. द्रव ओतला की बुडबुडे उठतात, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होऊ लागतो, आणि पहिल्या काही मिनिटांतच तीव्रता झपाट्याने उतरते. त्यामुळे सिस्ट मरेलच याची खात्री इथेही देता येत नाही. तरीही, ज्यांना सोल्युशनमधल्या जंतुनाशकाने डोळे चुरचुरतात त्यांना मी हीच पद्धत सुचवेन, कारण सकाळी डबीत उरतं ते साधं खारं पाणी.

मात्र सहा तास पुरे झाल्याशिवाय त्या लेन्स डोळ्यात घालायच्या नाहीत. साध्या चपट्या डबीत हा द्रव ओतला तर तो निष्क्रिय होतच नाही, आणि डोळ्यात गेल्यावर भयंकर आग होते. तसं झालंच तर लेन्स लगेच काढून डोळा भरपूर पाण्याने धुवायचा. या एका प्रसंगी नळाचं पाणीही चालतं. चकती हळूहळू निकामी होते, म्हणून नव्या बाटलीसोबत येणारी नवी डबीच वापरायची. आणि एकदा निष्क्रिय झालेल्या द्रवात जंतुनाशक उरत नाही, तेव्हा लेन्स बरेच दिवस पडून राहिल्या तर पुन्हा ताज्या द्रवात ठेवाव्या लागतात.

तारकर्लीच्या त्या रात्री लेन्स फेकून चष्मा लावणं हाच बरोबर मार्ग होता. बाटलीबंद पाणीही निर्जंतुक नसतं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ नसतं, आणि ते उघड्या भांड्यात राहिलं की पुन्हा दूषित होतं. समुद्रात उतरतानाही लेन्स काढूनच उतरायचं. साबणाने हात धुतले की लेन्सला हात लावण्याआधी ते पूर्ण कोरडे करायचे, कारण बोटांवरचे थेंबही नळाचेच असतात. डबीसुद्धा सोल्युशनने धुवून, उपडी ठेवून वाळवायची.

संसर्ग झालाच तर तो काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी उमटतो. डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही, आणि बऱ्याचदा डोळा दिसतो त्याच्या मानाने दुखणं फार जास्त असतं. सुरुवातीला तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा आजार वाटू शकतो आणि उपचार चुकतात. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर आजार बळावू देतात. अशा वेळी लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, पाण्याचा संबंध आला होता हे आपणहून सांगा, आणि ती लेन्स व डबी न धुता सोबत न्या. कॉर्नियाच्या खरवडीबरोबर त्यांचीही तपासणी करता येते.