गुठळीमागची आनुवंशिकता: तपासणी कोणाची करायची, या वादाची पार्श्वभूमी

पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा कल घराण्यातून येऊ शकतो, याचा पहिला ठोस पुरावा १९६५ मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात सापडला. त्यानंतर रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या दोन प्रथिनांच्या कमतरतेची नोंद झाली: १९८१ मध्ये प्रोटीन सी आणि १९८४ मध्ये प्रोटीन एस. तरीही बहुतेक रुग्णांचे कोडे सुटत नव्हते.

१९९३ मध्ये स्वीडनमध्ये काही रुग्णांच्या प्लाझ्मात सक्रिय प्रोटीन सी मिसळून पाहिले. त्याने रक्त गोठायला जास्त वेळ लागायला हवा होता, पण तसा फारसा लागेना. कारण पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात उलगडले. फॅक्टर पाच हे रक्त गोठवणारे प्रथिन; प्रोटीन सी त्याला जिथे कापून निकामी करते, नेमक्या त्याच जागेवरचे एक अमिनो आम्ल बदललेले होते. शहरावरून याला लायडन बदल म्हणतात. युरोपीय वंशाच्या शंभरात साधारण पाच जणांत हा बदल असतो. भारतात तो बराच विरळ आहे.

इतका सर्रास आढळणारा दोष हाती लागल्यावर तपासण्यांची लाटच आली. मग आकडे जमत गेले. जनुकाची एकच प्रत बदललेली असेल तर पहिल्या गुठळीचा धोका तीन ते पाच पट होतो, पण एकदा गुठळी झालेल्याला ती पुन्हा होण्याचा धोका किंचितच वाढतो. म्हणजे रिपोर्ट काहीही आला तरी औषध किती दिवस द्यायचे, हे त्यावरून बहुधा ठरत नाही.

प्रोटीन सी आणि एसची अडचण वेगळी आहे, आणि आपल्याकडे तीच जास्त भोवते. समजा, बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी एका बाईच्या मांडीतल्या शिरेत गुठळी झाली. वॉरफरिन हे गुठळी रोखणारे औषध सुरू झाल्यावर 'थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल', म्हणजे गुठळीच्या आनुवंशिक कलाची तपासणी, पाठवले आणि दोन्ही प्रथिने कमी आली. पण ही दोन्ही व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार होतात आणि वॉरफरिन त्या व्हिटॅमिनचेच काम अडवते. गरोदरपणात प्रोटीन एस तसेही उतरते, आणि ताज्या गुठळीत दोन्ही खर्च होतात. त्या रिपोर्टवरून 'आनुवंशिक कमतरता' असा शिक्का मारणे चूकच. बाळंतपणाला काही महिने उलटल्यावर, वॉरफरिन थांबवणे सुरक्षित असेल तर ते थांबवून काही आठवड्यांनी नमुना घ्यायचा. तरीही पातळी कमी आली, तर पुन्हा एकदा तपासून मगच निदान करायचे. लायडनची जनुकीय चाचणी मात्र औषध चालू असतानाही करता येते.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितले, की मोठ्या शस्त्रक्रियेसारख्या तात्पुरत्या कारणाने गुठळी झाली असेल तर ही तपासणी नको. त्यांच्याच २०२३ च्या मार्गदर्शिकेने दार थोडे किलकिले केले: गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या किंवा शस्त्रक्रियेव्यतिरिक्तचे तात्पुरते कारण असेल तर तपासणीचा विचार करावा. पुरावा कमकुवत असल्याचे त्यातच नमूद आहे, त्यामुळे वाद मिटलेला नाही. गर्भनिरोधक गोळ्यांपूर्वी सरसकट तपासणीला मात्र तिथे स्पष्ट नकार आहे. घरात गुठळीचा इतिहास आणि प्रोटीन सी किंवा एसची सिद्ध झालेली कमतरता असेल तर बहिणीला, मुलीला गोळ्यांआधी तपासावे. घरात फक्त लायडन बदल असेल तर तेवढ्यासाठी तपासू नये, असे त्यांचे मत.