जर्मनीतल्या मास्टर्ससाठीचं मोटिव्हेशन लेटर: अर्ज नेमका कुठे अडकतो

जर्मनीत मास्टर्सला अर्ज केलेली बरीच मुलं नकाराचं पत्र आलं की गुणांना दोष देतात. गुण अनेकदा पुरेसे असतात. अर्ज पडतो तो दोन ठिकाणी. मोटिव्हेशन लेटरमध्ये आधीच्या शिक्षणाचा पुढच्या संशोधनाशी धागा जुळत नाही, किंवा जुळतो पण तो सिद्ध करणारा कागद सोबत नसतो.

नेहमीचे कागद आधी उरकू. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आयईएल्टीएस किंवा टोफेलचा निकाल, पासपोर्ट, सीव्ही आणि एपीएस प्रमाणपत्र. एपीएस म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत याची पडताळणी. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी ती सक्तीची आहे. शुल्क 18,000 रुपये. ऑफर आल्यावर बघू म्हणून ती मागे टाकू नका, बरीच विद्यापीठं ती अर्जासोबतच मागतात.

पात्रतेत पहिली गोष्ट गुणांची. आपला सीजीपीए जर्मन श्रेणीत बदलायचं सूत्र ठरलेलं आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. 10 पैकी 7.6 असतील आणि उत्तीर्णतेची रेषा 4 असेल, तर उत्तर 2.2 येतं. तिथे 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे 2.2 चांगलाच आकडा आहे. दुसरी गोष्ट विषयांची, आणि खरी चाळणी इथेच लागते. अमुक विषयात किमान इतके ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, हवेत अशी अट असते. एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास, त्यात घरी केलेला अभ्यासही धरतात. आपल्या मार्कशीटवरचा क्रेडिटचा आकडा उचलून तिथे टाकला की पात्र माणूसही कागदावर अपात्र दिसतो.

आता पत्र. एक उदाहरण घेऊ. समजा, साक्री तालुक्यातली एक मुलगी बी.ई. सिव्हिल झाली आहे आणि तिला हायड्रोजिऑलॉजीत, म्हणजे भूजलाच्या शास्त्रात, मास्टर्स करायचं आहे. पदवी सिव्हिलची आणि कोर्स भूविज्ञानाकडे झुकलेला. निवड समितीचा पहिला प्रश्न हाच असणार की ही इकडे कशी आली. बहुतेक मुलं याचं उत्तर अशा वाक्यांनी देतात: ‘लहानपणापासून मला पाण्याची आवड होती. महाराष्ट्रात दुष्काळ ही गंभीर समस्या आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकणं हे माझं स्वप्न आहे.’ वाक्यं खोटी नाहीत. पण त्यात त्या मुलीचं स्वतःचं काहीच नाही, ती कुणाच्याही पत्रात बसतील.

तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. धुळे-नंदुरबार भागात काळ्या पाषाणात डाइक आहेत. भेगांत शिलारस घुसून गोठल्यावर तयार झालेल्या या उभ्या भिंती, कुठे टेकडीच्या रांगेसारख्या जमिनीवर दिसतात, कुठे मुरुमाखाली दडलेल्या असतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तिने गावातल्या अशाच एका डाइकच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पाणीपातळी मोजली. चढाच्या बाजूला पाणी वर, उताराच्या बाजूला खोल. तिचं पत्र इथून सुरू व्हायला हवं, आणि इंग्रजीत लिहिताना आशय साधारण असा असावा:

‘डाइक भूजलाचा प्रवाह अडवते असं आम्ही शिकलो होतो. पण मी मोजलेल्या विहिरींपैकी दोन विहिरी या नियमात बसल्या नाहीत. उताराच्या बाजूला असूनही त्यांना पाणी होतं. तिथे डाइक तडकलेली असावी असा माझा अंदाज आहे. माझ्याकडे फक्त एका उन्हाळ्याच्या नोंदी होत्या आणि पंपिंग टेस्ट करता आली नाही, म्हणून मला तो सिद्ध करता आला नाही. भेगाळलेल्या खडकातला प्रवाह कसा मोजायचा आणि त्याचं मॉडेल कसं करायचं, हे मला शिकायचं आहे.’

आवड हा शब्द एकदाही न येता आवड दिसते. तुमचं काम जिथे थांबलं तिथूनच संशोधनाचा विषय निघाला पाहिजे. प्रोजेक्टमधली उणीव लिहायला मुलं घाबरतात, घरचेही ‘कशाला सांगायचं’ म्हणतात. लिहा. काय जमलं नाही आणि का जमलं नाही हे नीट सांगणारा विद्यार्थी समितीला संशोधनाला तयार वाटतो. त्यानंतर त्या कोर्समधले दोन विषय आणि तिथल्या एखाद्या संशोधन गटाचं काम तुमच्या प्रश्नाला कसं उपयोगी पडेल ते सांगा. प्राध्यापकांची स्तुती नको. भूविज्ञानाचे विषय कमी पडत असतील तर तेही स्वतःहून मांडा आणि इंजिनिअरिंग जिऑलॉजी, हायड्रॉलॉजी, फ्लुइड मेकॅनिक्स यांत नेमकं काय शिकलात ते सांगा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात, म्हणजे टीयूएममध्ये, बऱ्याच मास्टर्सना पात्रता-चाचणीची पद्धत आहे आणि तिथे पत्राला स्वतंत्र गुण असतात. पत्र एक ते दोन पानांचं. दुसऱ्याचं पत्र उचलून त्यात नाव बदलू नका.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. पत्रात तुम्ही लिहिलंत की हायड्रॉलॉजीत भूजलाचं एक युनिट होतं. मार्कशीटवर मात्र फक्त विषयाचं नाव आणि ग्रेड असते. आत काय शिकवलं हे जर्मनीत बसलेल्या माणसाला कळणार कसं? त्यासाठी युनिटनिहाय मजकूर, तास आणि क्रेडिट दाखवणारा अभ्यासक्रम लागतो. विद्यापीठाच्या साइटवरून पीडीएफ उतरवताना पॅटर्न तपासा. तुमची बॅच 2015 पॅटर्नची आणि जोडलेला अभ्यासक्रम 2019 पॅटर्नचा, ही चूक सर्रास होते. विषयांचे कोड मार्कशीटशी जुळत नाहीत आणि तपासणारा तो विषय मोजतच नाही. जुना पॅटर्न साइटवरून काढून टाकलेला असेल तर विभागाच्या कार्यालयातून मिळवावा लागतो. तिथे ‘उद्या या’ ऐकावं लागतं, आणि स्वतःच छापलेला अभ्यासक्रम देण्यासाठी विद्यार्थ्याला हेलपाटे का घालायला लावतात हे मला आजवर समजलेलं नाही. म्हणून हे काम पत्राच्या पहिल्या मसुद्याबरोबरच सुरू करा.

मुदतीबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. 31 मे ही तारीख असेल तर त्या दिवशी अर्ज पूर्ण अवस्थेत पोहोचलेला हवा, आपल्याकडून निघालेला असून भागत नाही. अर्ज युनि-असिस्ट या, जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत असेल तर पैसे भरल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही. शुल्क पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30 युरो. काही विद्यापीठं, टीयूएमसारखी, युनि-असिस्टकडून फक्त व्हीपीडी हा प्राथमिक तपासणीचा दाखला आणायला सांगतात आणि अर्ज स्वतःच्या पोर्टलवर घेतात. व्हीपीडी मिळायला काही आठवडे जातात. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचं पत्र कितीही चांगलं असलं तरी ते वाचलंच जात नाही. मुदतीच्या निदान आठ आठवडे आधी युनि-असिस्टचं काम पाठवून मोकळे व्हा.

ऑफर आल्यावर व्हिसासाठी पुन्हा मोटिव्हेशन लेटर लागतं. ते वेगळं लिहा, कारण तिथे शिक्षणाचा खर्च आणि पुढचा बेत यांनाही जागा द्यावी लागते. पण संशोधनाचा विषय तोच ठेवा. विद्यापीठाला डाइक आणि भूजल सांगून व्हिसाच्या पत्रात ‘बांधकाम व्यवस्थापनात करिअर’ लिहिलं, तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.