ते एक मिनिट कुठून आलं: किनाऱ्यावरचं वायफाय आणि रडारचा नियम

अलिबागजवळ नागावला एक होमस्टे आहे. वाडीत घर, समोर सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. गेल्या हिवाळ्यात मालकीणबाईंनी मला बोलावलं. त्यांची तक्रार अगदी नेमकी होती: "संध्याकाळी कधीतरी वायफाय एकदम जातं. एक मिनिट. मग आपोआप येतं. पाहुण्यांचा कॉल मध्येच तुटतो." त्यांचा संशय बोटींवर होता. संध्याकाळी ट्रॉलर परततात, त्यांच्यावर रडार असतं, म्हणून हे होत असणार.

रडारबद्दलचा त्यांचा अंदाज सरसकट चुकीचा नव्हता. पण बोटींच्या रडारचा इथे काही संबंध नाही, आणि 'एक मिनिट' हा आकडा मात्र योगायोगाने आलेला नाही. तो नियमात लिहिलेला आहे. तिथवर पोहोचायला पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा वायफायच्या आधी रडारचा होता. हवामान खात्यांची सी-बँड रडारं जगभर मुख्यतः ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झमध्ये चालतात. तिथली तरंगलांबी साधारण सव्वापाच सेंटिमीटर असते. एस-बँडची लहर दहा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मुसळधार पावसातून ती जास्त चांगली पार जाते, पण तेवढाच बारीक झोत हवा असेल तर अँटेना जवळजवळ दुप्पट मोठी लागते. म्हणून मध्यम खर्चाचं हवामान रडार सी-बँडमध्ये बसवतात. काही लष्करी रडारंही याच भागात आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेने ५ गिगाहर्ट्‌झचे काही तुकडे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले आणि १९९९ मध्ये वायफायचं ८०२.११ए हे मानक आलं, तेव्हा प्रश्न उभा राहिला की रडारच्या शेजारी लाखो छोटे ट्रान्समीटर बसवायचे कसे.

उत्तर युरोपातून आलं. तिथे हायपरलॅन नावाचं वेगळं वायरलेस तंत्र तयार होत होतं. १९९९ च्या युरोपीय निर्णयाने त्याला ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा दिली, पण अट घातली: उपकरणाने स्वतः रडार ओळखायचं आणि बाजूला व्हायचं. यालाच डायनॅमिक फ्रिक्वेन्सी सिलेक्शन, म्हणजे डीएफएस म्हणतात. हायपरलॅन बाजारात टिकलं नाही, त्याची अट मात्र टिकली. २००३ मध्ये जिनिव्हाला झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्‌झ हे तुकडे वायरलेस नेटवर्कना दिले, ते डीएफएसच्या अटीवर. त्याच वर्षी ८०२.११एच हे जोडमानक आलं. चॅनेल सोडताना क्लायंटना, म्हणजे जोडलेल्या फोन-लॅपटॉपना, "आपण अमुक चॅनेलवर चाललो आहोत" असं कळवायची पद्धत त्यात ठरली.

एक मिनिटाचं मूळ याच नियमांत आहे. डीएफएस चॅनेलवर बोलायला सुरुवात करण्याआधी ॲक्सेस पॉइंटने, म्हणजे वायफाय देणाऱ्या बॉक्सने, ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं, एकही शब्द न बोलता. त्या मिनिटात रडार ऐकू आलं नाही तरच चॅनेल वापरता येतं. युरोपच्या नियमात ५६०० ते ५६५० या हवामान रडारच्या भागात हे ऐकणं दहा मिनिटांचं आहे. चॅनेल वापरत असताना रडार सापडलं तर दहा सेकंदांच्या आत ते पूर्ण सोडायचं आणि पुढची तीस मिनिटं त्याकडे फिरकायचं नाही.

आता घटना डोळ्यांसमोर आणा. ॲक्सेस पॉइंटला रडारसारखं काही ऐकू येतं. तो क्लायंटना नवं चॅनेल सांगून निघतो. नवं चॅनेल ३६ ते ४८ मधलं असेल तर तिथे ऐकण्याची अट नाही. फोन मागोमाग येतात आणि कुणाला फारसं कळतही नाही. पण निवडलेलं नवं चॅनेलही डीएफएसचं असेल तर तिथे पोहोचल्यावर पुन्हा ६० सेकंदांची शांतता. फोन पोहोचतात, समोर कुणीच नसतं, आणि जोडणी तुटते. नागावात तुटत होतं ते हे मिनिट.

पुढची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण डीएफएस बंद करून टाका असं सांगणारे बरेच भेटतात. २००९ च्या सुरुवातीला पोर्टो रिकोतल्या सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारवर अडथळा दिसू लागला. हे रडार विमानांना धावपट्टीजवळच्या घातक वाऱ्यांची सूचना देण्यासाठी होतं. अडथळ्याचा उगम इमारतींबाहेर बसवलेल्या ५ गिगाहर्ट्‌झच्या वायरलेस उपकरणांत सापडला. काहींचं डीएफएस नीट चालत नव्हतं, काहींचं बंद केलेलं होतं. अशा अडथळ्यामुळे रडारच्या चित्रात केंद्रापासून बाहेर जाणारी किरणासारखी पट्टी उमटते आणि त्या दिशेचा खरा पाऊस तिच्याखाली झाकला जातो. त्यानंतर अमेरिकेने काही वर्षं ५६०० ते ५६५० साठी नव्या उपकरणांना मंजुरी देणं थांबवलं. कॅनडात तो भाग वायफायला आजही बंद आहे. राउटरमध्ये देश बदलून डीएफएसला चकवायचं म्हणजे सान हुआनची चूक आपल्या छपरावर करायची. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला याच किनाऱ्यावर धडकलं होतं. इथल्या माणसाने तरी हे करू नये.

आपल्याकडे हे दुखणं उशिरा आलं, त्यालाही कारण आहे. २००५ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्‌झचे काही तुकडे फक्त इमारतींच्या आतल्या वापराला मोकळे केले होते. त्यात ५४७० ते ५७२५ नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो जोडला गेला आणि घराबाहेरच्या वापरालाही मुभा मिळाली. एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ. त्याच सुमारास ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे राउटर स्वस्त झाले. ऑटोवर ठेवलेला बॉक्स मोकळी जागा शोधत १०० किंवा ११६ च्या गटात जाऊन बसू लागला. रुंदी ८० असेल तर चार चॅनेल एकत्र वापरले जातात, आणि चारपैकी एकावर जरी रडार दिसलं तरी सगळा गट सोडावा लागतो. ११६ ते १२८ या गटात तर हवामान रडारचा भागच येतो.

आता बोटी. ट्रॉलरवर दिसणारी फिरती पट्टी हे एक्स-बँड रडार, ९.४ गिगाहर्ट्‌झच्या जवळपास. मोठ्या जहाजांवर त्याच्या जोडीला ३ गिगाहर्ट्‌झचं एस-बँड असतं. दोन्ही वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झपासून दूर आहेत. हवामान खात्याचं कुलाब्याचं आणि पणजीचं रडारही एस-बँड आहे. अलिबागकरांसाठी विचारात घ्यावं असं एकच मला दिसलं: मुंबईत वेरावलीला २०२२ मध्ये सुरू झालेलं सी-बँड रडार. नागावपासून ते हवाई अंतराने साठ किलोमीटरच्या आत आहे, आणि मधला बराच भाग पाण्याचा. पावसाळा सोडून इतर महिन्यांत समुद्रावरच्या हवेचे थर कधीकधी लहरींना वाकवून क्षितिजापलीकडे नेतात, त्यामुळे हा संशय सहज झटकण्यासारखा नव्हता.

तरी मला शंका होती, आणि ती वेळेमुळे. हवामान रडार रात्रंदिवस फिरतं आणि दर काही मिनिटांनी सगळं आकाश पुन्हा पाहतं. त्याचा झोत खरंच पोहोचत असेल तर ॲक्सेस पॉइंट दुपारीही पडायला हवा, आणि तीस मिनिटांनी त्या चॅनेलवर परतला की पुन्हा पडायला हवा. इथे मात्र सगळं संध्याकाळी, पाहुणे भरलेले असताना.

गॅलरीतल्या बॉक्सवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे नोंद सरळ बघता आली:

```
logread | grep DFS-
DFS-RADAR-DETECTED freq=5500 ...
DFS-NEW-CHANNEL freq=5580 chan=116 ...
DFS-CAC-START freq=5580 chan=116 ... cac_time=60s
```

म्हणजे १०० वर रडार 'सापडलं', बॉक्स ११६ वर गेला आणि तिथे ६० सेकंद ऐकत बसला. निव्वळ ऑटो चॅनेल बदलामुळे झालं असतं तर पहिली ओळ नसती. मिनिटभराच्या तुटण्याचं कारण रडार आहे की दुसरं काही, हे या एका ओळीवरून कळतं. पण रडार खरं होतं का, हे ती सांगत नाही.

इथे नियमाची एक बाजू लक्षात घ्यायला हवी. रडारची स्पंदनं बहुधा एखाद-दोन मायक्रोसेकंदांची, ठरावीक अंतराने येणारी असतात. मंजुरीच्या चाचणीत उपकरण अशी नमुन्याची स्पंदनं पुरेशा वेळा ओळखतं का हे मोजतात. रडार नसताना ते किती वेळा उगाच घाबरतं, हे त्यात मोजत नाहीत. साहजिकच कंपन्या डिटेक्टर संशयी ठेवतात. गर्दीत दोन फोन एकाच वेळी बोलले आणि अर्धवट, फाटके सिग्नल पोहोचले की काही चिप त्यांनाच स्पंदनं समजतात. लांबच्या खोलीतला क्षीण फोन आणि त्याच चॅनेलवरचा शेजारचा राउटर असला की हे वाढतं.

होमस्टेच्या हॉलमध्ये दुसऱ्या कंपनीचा एक जुना बॉक्स होता. मी त्यालाही आठवडाभर १०० वर, ८० रुंदीने ठेवलं. खरं रडार असेल तर दोघांना एकाच मिनिटाला दिसायला हवं. सात दिवसांत गॅलरीने पाच वेळा रडार नोंदवलं, पाचही वेळा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान. हॉलने एकदाही नाही. पण हॉलच्या भिंती जाड जांभ्याच्या आहेत, आणि समुद्राकडून येणारा सिग्नल त्यात अडू शकतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यात दोन्हींच्या जागा बदलल्या. आता जुना बॉक्स गॅलरीत, समुद्रासमोर: शून्य. पहिला बॉक्स जांभ्याच्या आड: तीन वेळा. घटना जागेबरोबर राहिल्या नाहीत, बॉक्सबरोबर गेल्या.

याने वेरावली पूर्ण निर्दोष ठरत नाही. जुन्या बॉक्सचा डिटेक्टर मंद असू शकतो. पण वेळ, एकट्याची साक्ष आणि जागा बदलूनही मागे आलेली तक्रार ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती. पहिला बॉक्स परत गॅलरीत लावला आणि १४९ वर, ४० रुंदीने बसवला. ५७२५ च्या वरच्या या भागात डीएफएसची अट नाही. वेग थोडा कमी झाला, पण पाहुण्यांच्या कॉलला तो पुरून उरतो. डीएफएस बंद केलं नाही, देश बदलला नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत तक्रार आली नाही आणि नोंदीत `DFS-RADAR-DETECTED` एकदाही दिसलं नाही. जुना बॉक्स हॉलमध्ये १०० वरच चालू आहे. मालकीणबाई अजूनही ट्रॉलर परतायच्या वेळी फोनकडे एकदा बघतात.