‘हाडांना लागतं’ आणि ‘हाडदुखीवर आहे’: सप्लिमेंटच्या व्हिडिओतले दोन दावे

माझी आत्या कोणतीही गोळी हातात घेतली की पहिल्यांदा विचारते, “हे कशावर आहे गं?” मी सप्लिमेंटच्या व्हिडिओंसाठी संहिता लिहिते आणि या कामातला सगळ्यात महत्त्वाचा फरक तिच्या त्या ‘-वर’मध्ये आहे. मराठीत औषध नेहमी कशावर तरी असतं: तापावर, खोकल्यावर, गुडघेदुखीवर. अन्न मात्र कशावर नसतं, ते शरीराला लागतं. सप्लिमेंट कायद्याने अन्नात मोडतं. त्यामुळे त्याच्याबद्दल ‘लागतं’ची वाक्यं लिहिता येतात, ‘वर’ची नाही. ऐकताना हे दोन दावे इतके जवळचे वाटतात की लिहिणाऱ्याच्याही नकळत एकातून दुसऱ्यात पाय पडतो.

पहिल्याला आपण कार्याचा दावा म्हणू. त्यात कर्ता असतो पोषक घटक, आणि पुढे येतं शरीराचं नेहमीचं काम. ‘हाडांच्या जडणघडणीला कॅल्शियम लागतं.’ ‘कॅल्शियम शोषून घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं.’ दुसरा रोगाचा दावा. त्यात कर्ता बहुधा बाटली असते, आणि पुढे येतो आजार किंवा त्याचं लक्षण. ‘ही गोळी गुडघेदुखी घालवते.’ एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे नियम २०१८ मध्ये आले. पुरेशी मात्रा आणि पुरेसा शास्त्रीय आधार असेल तर पहिल्या प्रकारचं वाक्य त्या नियमांत बसतं. आजार टळतो, कमी होतो किंवा बरा होतो असं अन्नाबद्दल म्हणणं बसत नाही. आजाराचा धोका कमी करण्याबद्दलचे काही मोजके दावे अटींसह मान्य आहेत, पण त्यांचे शब्द ठरलेले असतात आणि त्यात संहिता लिहिणाऱ्याने भर घालायची नसते. बाटलीवरही औषधी वापरासाठी नाही अशा अर्थाची ओळ छापावी लागते. म्हणजे बाटली एक सांगते आणि व्हिडिओ नेमकं उलट सांगतो, असा प्रकार रोज घडतो.

काही आजारांची नावं तर आणखी जड आहेत. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था देतो. त्यांत मधुमेह, कर्करोग, उच्च-नीच रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात आणि माणसाची उंचीसुद्धा आहे. अमुक वस्तूने हे बरं होतं असं म्हटलं, की आपण ती वस्तू औषध म्हणून विकायला काढली असा अर्थ निघू शकतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

फरक फक्त कायद्याचा असता तर मी तो वकिलांवर सोडला असता. पण तो शरीरातही खरा आहे. हाडांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं याबद्दल वाद नाही. पण म्हणून जास्तीचं ड जीवनसत्त्व घेतल्याने हाड मोडणं टळतं का? अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या मोठ्या चाचणीत २५,८७१ माणसं होती. ड जीवनसत्त्वाच्या गटाला रोज २००० आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय एककं, दिलं गेलं आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. अस्थिभंगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: दोन्ही गटांत फरक नव्हता. त्याच चाचणीत ज्यांना गुडघेदुखी होती त्यांची वेदनाही ड जीवनसत्त्वाने कमी झालेली दिसली नाही. ही माणसं कमतरता आहे म्हणून निवडलेली नव्हती. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याचं गणित वेगळं, आणि ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. पण व्हिडिओ कमतरता असलेला आणि नसलेला असा भेद करत नाही, तो सगळ्यांशी बोलतो. ‘लागतं’ खरं असूनही ‘बरं करतं’ खोटं ठरू शकतं, ते असं.

आता एक संहिता उलगडून बघू. ती माझ्याकडे तपासायला आली होती. कंपनीचं नाव बाजूला ठेवते. बाटलीच्या पाठीवर एका गोळीचं प्रमाण होतं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, ड३ जीवनसत्त्व ४०० आययू, रोज एक गोळी. इंग्रजी टिपणात सांध्यांच्या आरोग्याला आधार, इतकंच मोघम होतं. मराठीत येता येता त्याचं हे झालं:

“गुडघे कुरकुरतायत? जिना चढताना कळ येते? रोज एक गोळी घ्या, १२५० मिलिग्रॅम कॅल्शियमची ताकद मिळवा, हाडं पोलादी करा! माझी आई तीन आठवड्यांत वारीला निघाली!”

आपल्या भाषेत मोघमपणा फार टिकत नाही. ‘आधार’ म्हणताच पुढचा प्रश्न येतो, कशाला? आणि लिहिणारा घाईने दुखण्याचं नाव घेतो. इथे ‘गुडघेदुखीवर’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी संपूर्ण दावा रोगाचाच आहे. पहिल्या दोन प्रश्नांत लक्षण आलं, तिसऱ्या वाक्यात गोळी आली, आणि मधला सांधा प्रेक्षक स्वतः जोडतो. नियम लागू करताना बघणाऱ्याला काय समजलं हे पाहिलं जातं, तुम्ही कोणता शब्द टाळलात हे नाही. म्हणून ‘घालवते’च्या जागी ‘मदत करते’ घालून काही सुटत नाही. ‘गुडघेदुखीत मदत करते’ हाही रोगाचाच दावा आहे. क्रियापद मऊ करून उपयोग नाही, वाक्यातलं दुखणं काढावं लागतं.

मग तो आकडा. १२५० मिग्रॅ हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ४० टक्के, म्हणजे ५०० मिग्रॅ. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिग्रॅ लागतं असं भारतीय शिफारस सांगते. तेव्हा ही गोळी निम्मी गरज भागवते, आणि संहिता ऐकणाऱ्याला वाटतं की सव्वापट भागली. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कोणतीही संहिता हातात आली की आधी बाटलीच्या पाठीचा फोटो मागते. क्षाराचं वजन आणि मूळ धातूचं वजन यांची गल्लत लोह आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांतही अशीच होते.

आईच्या वारीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण सांगणारी मुलगी खोटं बोलत नव्हती. आई खरोखर बरी झाली होती. पण त्या तीन आठवड्यांत तिने गरम शेक घेतला असेल, विश्रांती घेतली असेल, आणि गुडघ्याचं दुखणं मुळात चढउतारांचं असतं. लोक गोळी सुरू करतात ती दुखणं टोकाला गेल्यावर, त्यामुळे पुढचे आठवडे तसेही जरा बरे जातात. अनुभव खरा असला तरी जाहिरातीत आला की तो दावा होतो, आणि दाव्याला लागणारा पुरावा त्यालाही लागतो. हेच चित्रांना लागू आहे. गुडघ्यावर हात धरलेली आजी, मग गोळी, मग जिना चढणारी आजी, हा निःशब्द व्हिडिओसुद्धा रोगाचा दावा आहे. व्हिडिओच्या शीर्षकात किंवा हॅशटॅगमध्ये ‘गुडघेदुखी’ घातली तरी तेच.

कंपनीने मग सुचवलं की शेवटी बारीक अक्षरांत ‘हे औषध नाही’ असं इंग्रजीत टाकू. ते चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी सूचना मूळ दाव्याशी विसंगत नसावी, दाव्याच्याच भाषेत असावी आणि ठळक दिसावी. दावा मराठीत बोललात तर सूचनाही मराठीत, त्या वाक्याबरोबरच. आणि मुळात सूचना दावा स्पष्ट करू शकते, खोडू शकत नाही.

नव्याने लिहिलेली संहिता अशी झाली:

“हाडांना रोज कॅल्शियम लागतं, मोठ्या माणसाला साधारण १००० मिलिग्रॅम. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून ते मिळतं. तुमच्या जेवणात हे कमी पडत असेल, तर या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि ते शोषून घ्यायला लागणारं ड जीवनसत्त्वही आहे. हे दुखण्यावरचं औषध नाही. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. मुतखडा झालेला असेल किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ही सुरू करण्याआधी विचारा.”

थायरॉइडचं वाक्य कंपनीला नको होतं. मी ते सोडलं नाही. कॅल्शियम थायरॉक्सिनचं शोषण अडवतं आणि दोन्हींमध्ये साधारण चार तासांचं अंतर लागतं. सकाळी दोन्ही गोळ्या एकदम घेणारी बाई आपल्याच व्हिडिओमुळे थायरॉइडचा डोस वाया घालवू शकते. या संहितेत ‘दुखण्यावरचं’ हा शब्द आला आहे, पण नकारासह, आणि त्याच्यापाठोपाठ डॉक्टर आहेत. तरी मी चित्रीकरणाला सांगितलं की हे वाक्य म्हणताना गुडघा दाखवू नका. कॅमेरा वाक्याच्या उलट बोलू लागतो.

कोण बोलतं याचाही प्रश्न येतो. जाहिरात मानक परिषद, म्हणजे ॲस्की, मुंबईतली, जाहिरात उद्योगाने १९८५ मध्ये स्वतःच उभारलेली संस्था. तिच्या २०२३ च्या सुधारणेनुसार आरोग्य-पोषणाच्या वस्तूंबद्दल तांत्रिक सल्ला देणाऱ्याकडे त्या विषयाची पात्रता हवी आणि ती व्हिडिओत स्पष्ट दिसायला हवी. पांढरा कोट घातलेला नट ‘मी तर सांगेन’ म्हणू लागला तर संहिता कितीही स्वच्छ असो, ती बिघडते. आणि जबाबदारी फक्त कंपनीची नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रचारकाला, म्हणजे वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. आपण पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर प्रचारक सुटू शकतो, म्हणून बाटलीचा फोटो आणि कंपनीने पाठवलेला पुरावा मी फाइलमध्ये तारखेसह ठेवते.

राहता राहिली ‘जाहिरात’ ही पट्टी. पैसे घेतलेत किंवा फुकट बाटल्या घेतल्यात तरी ती लागते. ॲस्कीच्या नियमात १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद आणि त्यापुढे २ मिनिटांपर्यंत एकूण वेळेच्या एक तृतीयांश ती दिसावी लागते. आमचा व्हिडिओ ४५ सेकंदांचा, म्हणजे १५ सेकंद. संकलकाने ती शेवटच्या १५ सेकंदांत बसवली होती. मी ती पहिल्या चौकटीपासून घ्यायला लावली, कारण माणूस व्हिडिओ कुठेही सोडून जातो, आणि ‘हाडांना रोज कॅल्शियम लागतं’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडचं आहे हे त्याला ते ऐकतानाच कळायला हवं.