85 आरपीएमला 15 किलोवॅट कुठे जातात?

सीएनसी लेथच्या पाटीवर स्पिंडल मोटर 15 किलोवॅटची. चकमध्ये 300 मिमी व्यासाचा बिडाचा फ्लँज. 80 मीटर कटिंग स्पीड धरला की आरपीएम येतात 85. कट 3 मिमी, फीड 0.4. टूलवर साधारण 1800 न्यूटन बळ येतं, म्हणजे टॉर्क 270 न्यूटन-मीटर. पॉवर मात्र फक्त 2.4 किलोवॅट लागते. तरीही मोटर स्पिंडलला एकास एक जोडलेली असेल, तर कट लागताच स्पिंडल बसतो.

हे दुखणं जुनंच आहे. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्सनी 1817 च्या सुमारास बांधलेल्या लेथला स्टेप पुलीच्या जोडीला बॅक गिअर होता. पट्टा हळू फिरला की त्याची पॉवरही घटते. म्हणून मोठ्या जॉबला पट्टा वेगात ठेवायचा आणि वेग पुढे गिअरने उतरवायचा. 1900 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांचं हायस्पीड स्टील चाललं आणि टूल मशीनच्या पुढे गेलं. मग पट्टा हटला, एकाच वेगाने फिरणारी मोटर आणि पूर्ण गिअरचा हेडस्टॉक आला. लिव्हर खडखडवत वेग बदलायचा त्रास होता, पण प्रत्येक वेगाला जवळपास पूर्ण पॉवर मिळायची. ही सोय कुणाच्या लक्षातही आली नाही, ती गेल्यावर कळली.

ती गेली ड्राइव्हमुळे. आधी डीसी आणि 1980 च्या दशकात एसी मोटर ड्राइव्हवर आल्या, वेग हवा तसा बदलता येऊ लागला, आणि अनेकांनी गिअर काढून टाकले. पण अशा मोटरचा एक बेस स्पीड असतो. आपल्या मोटरचा 1500 धरू. त्याच्या वर 6000 पर्यंत फील्ड कमी करत नेतात; टॉर्क उतरतो, पॉवर 15 च राहते. हा झाला कॉन्स्टंट पॉवरचा पट्टा, एकास चार. बेसच्या खाली उलटं: करंटची मर्यादा आल्यामुळे टॉर्क वाढत नाही.

टॉर्क = 9550 × किलोवॅट ÷ आरपीएम, म्हणजे 1500 ला 95.5 न्यूटन-मीटर. 85 लाही तेवढाच, तिथे पॉवर उरते जेमतेम 0.85 किलोवॅट.

मध्ये चारास एकचा दोन स्पीडचा गिअरबॉक्स टाकला की स्पिंडलवर 382 न्यूटन-मीटर मिळतात (गिअरमधली थोडी घट सोडून) आणि फ्लँज निघतो. लो गिअरमध्ये मोटर 340 ने फिरते, स्पिंडल 85 ने; हाय गिअर एकास एकच राहतो. पूर्ण पॉवर आता 375 पासून 6000 पर्यंत, एकास सोळा.

लोभाने सहास एक घेतला, तर टॉर्क 573 होतो, पण लो गिअर 1000 लाच संपतो आणि हाय गिअरची पूर्ण पॉवर 1500 ला सुरू होते. मधल्या खड्ड्यात 1000 ला 10 किलोवॅटच मिळतात. तोच कट चालू असताना लो गिअरच्या M41 कोडवरून हाय गिअरच्या M42 वर गेल्यावर लोड मीटर एकदम चढला, तर आधी हे गुणोत्तर तपासायचं, टूल नंतर.